नवरा किंवा बायको आईवडिलांना दरमहा पैसे पाठवते, त्यावरून घरात भांडण होते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे मुख्यतः एका प्रकारच्या घरासाठी आहेत. दोघे पुण्या-मुंबईसारख्या शहरात नोकरी करतात, गृहकर्जाचा हप्ता चालू आहे, एकाचे आईवडील गावी शेतीवर आहेत आणि दुसऱ्याच्या माहेरीही मदतीची गरज आहे. हिशेब समजावा म्हणून एक नमुना घेतला आहे. पिंपरी-चिंचवडमधील जोडपे, नवऱ्याचे आईवडील व धाकटा भाऊ सातारा जिल्ह्यात, बायकोची विधवा आई लातुरात. आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमचे वेगळे असतील, पण रीत तीच राहील.

पैसे पाठवायला माझी हरकत नाही, तरी दर महिन्याला भांडण होतेच. असे का?

कारण बहुतेक घरांत भांडण रकमेवरून पेटत नाही. ती कोणी ठरवली आणि दुसऱ्याला केव्हा कळली, यावरून ते पेटते. पगार झाल्याच्या दिवशी अठरा हजार गेले, हे बायकोला मोबाईलवरच्या मेसेजमधून कळले, तर ते अठरा हजार तिला छत्तीस हजारांसारखे टोचतात. उलट, पंचवीस हजार जाणार हे दोघांनी एप्रिलमध्ये बसून ठरवले असेल, तर त्या पंचवीस हजारांवरून वर्षभर कोणी बोलत नाही.

दुसरे कारण असे की ‘घरी पैसे पाठवणे’ या एका नावाखाली चार वेगळे खर्च जातात: आईवडिलांचा महिन्याचा खर्च, अचानक आलेला दवाखाना, भावाबहिणींची मदत, आणि शेती किंवा घराच्या डागडुजीसारखी मोठी रक्कम. नवरा बोलतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर आईच्या बीपीच्या गोळ्या असतात. बायकोला त्याच वेळी दिराची मोटरसायकल दिसत असते. दोघेही खरेच बोलत असतात, फक्त वेगवेगळ्या खर्चाबद्दल. म्हणून हे चार खर्च कागदावर वेगळे होईपर्यंत रकमेवर चर्चा करू नका. ती कुठेच पोचत नाही.

मी ‘फक्त अठरा हजार’ पाठवतो. तरी बायको म्हणते, आपल्याकडे काहीच उरत नाही. कोण बरोबर?

बहुधा ती. ठरलेली मासिक रक्कम आणि वर्षभरात प्रत्यक्ष गेलेली रक्कम यांत मोठे अंतर असते. दोघांच्याही खात्यांचे मागच्या बारा महिन्यांचे स्टेटमेंट काढा. यूपीआयची यादीही घ्या, कारण सटरफटर रकमा तिथूनच जातात. आईवडील, भाऊ, बहीण, गावचा मेडिकलवाला, कृषी सेवा केंद्र, अशी गावाकडे गेलेली प्रत्येक रक्कम खुणेने वेगळी करा. रोख दिलेले पैसे आठवतील तसे लिहा.

नमुन्यातील घरात हा हिशेब असा निघाला. दरमहा अठरा हजारांप्रमाणे वर्षाचे २,१६,००० रुपये. त्याशिवाय जूनमध्ये बी-खतासाठी २५,०००, दिवाळीला १५,०००, आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला ३८,०००, आणि भावाच्या मोटरसायकलच्या डाउन पेमेंटला ३०,०००. एकूण ३,२४,०००, म्हणजे महिन्याला २७,०००. नवऱ्याच्या डोक्यात अठरा हजार पक्के बसले होते. त्याने खोटे सांगितले नव्हते, त्याने फक्त वरचे कधी बेरजेत धरले नव्हते.

गावाकडची गरज महिन्याच्या चालीने येत नाही. जूनमध्ये पेरणी आणि शाळा एकदम येतात, मग सणवार, मग लग्नसराईचे आहेर. म्हणून हिशेब नेहमी वर्षाचा करायचा आणि त्याला बाराने भागायचे. एकाच महिन्याच्या आकड्यावर बोलणी केली, तर जूनमध्ये ती मोडतात.

मीही माझ्या आईला गुपचूप पैसे पाठवते. ते आता सांगावे का?

हो, आणि स्टेटमेंट काढायला बसण्याआधी सांगा. मुलीने माहेरी पैसे द्यायचे नाहीत आणि आईवडिलांनी लेकीचे घ्यायचे नाहीत, ही समजूत अजून अनेक घरांत घट्ट आहे. लेकीच्या घरचे पाणीही नको म्हणणारी माणसे आहेत. त्यामुळे नवरा उघडपणे पाठवतो आणि बायको किराण्यातून वाचवून पाठवते. तिची रक्कम लहान असते, पण ती उघडी पडते तेव्हा ‘तू चोरून केलेस’ हा एकच मुद्दा उरतो आणि त्याचे २७,००० बाजूला राहतात.

नमुन्यातील बायको महिन्याला ४,००० पाठवत होती. दोघांचे मिळून ३१,००० झाले. आता घरात खरोखर किती उरते ते पाहा. हातात येणारा पगार त्याचा ६८,००० आणि तिचा ४२,०००, मिळून १,१०,०००. गृहकर्जाचा हप्ता २८,०००, किराणा-दूध-वीज-गॅस १९,०००, शाळा आणि व्हॅन ११,०००, प्रवास व मोबाईल ७,०००, विम्याच्या हप्त्यांसाठी बाजूला ३,०००, आणि बचत १२,०००. हे झाले ८०,०००. उरतात ३०,०००, आणि जातात ३१,०००. कमी पडणारे हजार रुपये क्रेडिट कार्डावर चढत होते किंवा बचतीतून निघत होते. शिवाय दोघांच्या स्वतःच्या हातखर्चाला एक रुपयाही ठेवलेला नव्हता. भांडणे शर्ट, चप्पल आणि बाहेरच्या जेवणावरून होत होती, ती इथून आली होती.

आईवडिलांना नेमके किती लागतात, हे कसे काढायचे? विचारले की ‘तुला जमेल तेवढे दे’ म्हणतात.

‘किती पाठवू?’ असे विचारले की तेच उत्तर येणार. रकमेऐवजी वस्तू विचारा. गावी गेल्यावर आईजवळ बसून औषधांची चिठ्ठी, किराणा दुकानाची उधारीची वही, वीजबिल आणि सिलिंडर किती दिवस पुरतो हे बघा. हे काम ज्याचे आईवडील त्यानेच करायचे. सुनेने किंवा जावयाने किराण्याची वही मागितली, तर तो झडतीसारखा प्रकार होतो.

नमुन्यातील सासू-सासऱ्यांचा महिना असा आहे: किराणा, दूध, भाजी ६,५००, औषधे २,२००, वीज, गॅस, मोबाईल १,६००, दवाखान्याला जाणे-येणे ९००, आहेर, देवधर्म आणि पाहुणे १,८००. एकूण १३,०००. देवधर्म आणि आहेराची ओळ खोडू नका. गावात त्यांची पत त्यावर असते, आणि ती खोडली तर ते औषधाच्या पैशांतून आहेर करतात. यातून त्यांची स्वतःची आवक वजा करायची. वडिलांना पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,००० मिळतात, म्हणजे महिन्याला सरासरी १,०००. शेतीचे उत्पन्न भाऊ घेतो. म्हणून आईवडिलांची खरी गरज १२,००० निघाली.

मग उरलेले सहा हजार कुठे जात होते? भावाच्या मुलांच्या शाळेला आणि क्लासला. यात कोणी फसवत नव्हते. आजी-आजोबांच्या हातात पैसे आले आणि घरात नातवाची फी थकली असली, तर ते फीच भरणार.

म्हणजे दिराला किंवा भावाला देणे बंद करायचे?

तसे नाही. पण ते आईवडिलांच्या नावाखाली जाऊ देऊ नका. भावाची मदत हा वेगळा निर्णय आहे आणि त्याला शेवटची तारीख हवी. नमुन्यात पुतण्याची दहावी होईपर्यंत महिन्याला ३,००० असे ठरले. बायकोने ते मान्य केले, कारण ते कधी संपणार हे तिला माहीत होते.

जूनच्या पंचवीस हजारांचे मात्र वेगळे आहे. शेत जो कसतो आणि पीक जो विकतो, त्याने बी-खताची सोय करायची. त्यासाठी सोसायटीचे किंवा बँकेचे पीककर्ज आहे. महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज जवळजवळ पडत नाही. सातबारा वडिलांच्या नावावर असेल तर कर्ज त्यांच्या नावे निघते, म्हणून ते वेळेत फेडायचे हे भावाशी आधीच स्पष्ट बोलून घ्या. आधीचे कर्ज थकले असेल तर नवे मिळत नाही. अशा वर्षी हात द्यायचा झाला तर तो एकदाच द्या, आणि रक्कम दोघांनी मिळून ठरवा.

दोन्हीकडे सारखी रक्कम पाठवायला हवी ना?

रक्कम सारखी नको, नियम सारखा हवा. गरज, वजा त्यांची स्वतःची आवक, वजा इतर भावंडांचा वाटा: जे उरेल ते तुमचे. हाच नियम दोन्ही घरांना लावायचा. लातूरच्या आईचा घरभाड्यासह महिन्याचा खर्च ९,५०० आहे. नवऱ्याच्या पश्चात मिळणारी भविष्य निर्वाह निधीची पेन्शन १,५०० आणि दुसऱ्या मुलीकडून येणारे २,०००. उरले ६,०००. आजवर तिला ४,००० जात होते, म्हणजे ती दोन हजारांनी कमीच होती आणि तिने कधी सांगितले नाही.

‘माझा पगार जास्त, म्हणून माझ्या आईवडिलांना जास्त’ हा नियम दिसायला सरळ आहे, पण तो पोरे झाल्यावर टिकत नाही. बाळंतपणात बायकोचा पगार काही महिने थांबला, तर तिच्या आईची औषधे थांबवणार का? घरखर्च दोघांच्या पगारातून चालतो, म्हणून मदतही दोघांच्या एकत्र पैशांतून गेली पाहिजे.

मग शेवटी मांडणी कशी झाली?

उरणाऱ्या ३०,००० मधून त्याच्या आईवडिलांना १२,०००, तिच्या आईला ६,०००, पुतण्यासाठी मुदतीचे ३,०००. दोन्हीकडच्या दवाखान्यासाठी ५,००० वेगळ्या बचत खात्यात, ज्याला कार्ड नाही आणि यूपीआय जोडलेले नाही. राहिलेले ४,००० दोघांना दोन-दोन हजार, ज्याचा हिशेब कोणी कोणाला विचारायचा नाही. दिवाळीची साडी, भाच्याचा वाढदिवस, आईला अचानक द्यावेसे वाटलेले पाचशे, हे सगळे त्या दोन हजारांतून.

ही शेवटची ओळ लहान दिसते, पण ती काढू नका. ती नसेल तर प्रत्येक भेटवस्तूला परवानगी लागते, आणि लपवाछपवी पुन्हा तिथूनच सुरू होते.

दवाखान्यासाठी वर्षाला साठ हजार पुरतील?

डोळ्याचे ऑपरेशन, चार दिवसांची ॲडमिशन, तपासण्या यांना पुरतात. हृदयाची शस्त्रक्रिया किंवा खुब्याचे हाड मोडले तर पुरत नाहीत, आणि घरे मोडतात ती अशाच बिलाच्या आठवड्यात, जेव्हा एक जण रात्री दोन वाजता पर्सनल लोन काढतो आणि दुसऱ्याला सकाळी कळते.

म्हणून तीन गोष्टी आजारपणाआधी करून ठेवा. आईवडिलांचे वय ७० किंवा जास्त असेल तर आयुष्मान भारतचे ज्येष्ठांचे कार्ड काढा. त्यात उत्पन्नाची अट नाही आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात. सत्तरीच्या आत असतील तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधारवरची नावे जुळतात का ते तपासा. ऐन वेळी रुग्णालयात अडते ते बहुतेकदा नावातल्या फरकावर. आणि गावापासून जवळचे कोणते रुग्णालय या योजनेत आहे ते लिहून ठेवा, कारण भोवतालची सगळी खासगी रुग्णालये त्यात नसतात. खासगी विमा घेणार असाल तर आधीपासूनच्या आजारांवर तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते. मधुमेह आणि बीपी फॉर्मवर लपवू नका. दावा नाकारला जातो तो त्याच कारणाने.

रक्कम कमी करायची आहे हे आईवडिलांना कोणी आणि कसे सांगायचे?

ज्याचे आईवडील त्यानेच, आणि जोडीदाराचे नाव मध्ये न आणता. ‘ती म्हणते की’ या तीन शब्दांनी सून कायमची वाईट ठरते. पुढे पैसे पुन्हा वाढवले तरी ते पुसले जात नाही. मुलीने माहेरी बोलतानाही नवऱ्याचे नाव घेऊ नये.

निदान तीन महिने आधी सांगा आणि शक्यतो फोनवर नको, गावी जाऊन सांगा. वाक्य साधे असू द्या: ‘आण्णा, जूनपासून घरखर्चाचे बारा हजार दर महिन्याच्या ३ तारखेला आईच्या खात्यात येतील. दवाखान्याचे तुम्ही बघायचे नाही, ते मी वेगळे ठेवले आहेत. पोरांच्या फीचे मी भाऊशी बोलतो.’ यात काय कमी झाले त्यापेक्षा काय पक्के झाले ते आधी येते. म्हाताऱ्या माणसांना रक्कम घटण्यापेक्षा ती येईल की नाही याची धास्ती जास्त असते. म्हणून बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावा. आठवण झाली की पाठवतो, असे नको.

भाऊही त्याच घरात राहत असेल तर त्याला आईवडिलांच्या आधी नाही, पण त्याच दिवशी सांगा. दुसऱ्याच्या तोंडून कळले तर तो रागावतो आणि तो राग आईवर निघतो.

पैसे आईवडिलांपर्यंत पोचतात का, हे कसे कळेल?

पैसे भावाच्या खात्यात जात असतील किंवा आईच्या खात्याचे यूपीआय भावाच्या फोनवर असेल, तर शंका घेण्यापेक्षा मार्ग बदला. आईचे स्वतःचे खाते, तिच्याकडे पासबुक. वीजबिल महावितरणच्या बारा अंकी ग्राहक क्रमांकावरून तुम्ही इथूनच भरा. औषधे गावच्या मेडिकलमध्ये महिन्याची एकदम सांगा आणि पैसे थेट दुकानदाराला द्या. हातात रोख कमी गेली की मागणाऱ्यांची गर्दीही कमी होते.

खुणा दोन. औषधाच्या गोळ्या दिवसाआड घेतल्या जातात, आणि किराण्याची उधारी पैसे येऊनही वाढत जाते. यातले काही दिसले तर रक्कम वाढवून उपयोग नाही. ती कुठे जाते ते आधी पाहा.

कायद्याने आईवडिलांना पैसे द्यावेच लागतात का? जोडीदार ते थांबवू शकतो का?

स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आईवडिलांना सांभाळणे मुलाला आणि मुलीला, दोघांनाही बंधनकारक आहे. लग्न झालेली मुलगी यातून सुटत नाही. कल्याणमध्ये वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या विवाहित डॉक्टर मुलीविरुद्ध वडिलांनी केलेल्या दाव्यात, विजया अरबट प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने हे १९८७ मध्येच स्पष्ट केले. माहेरी पैसे देणे हा मुलीचा लाड नव्हे, हे नवऱ्याला सांगायला हा निकाल पुरेसा आहे.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली आईवडील प्रांताधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणात अर्ज करू शकतात. मूळ कायद्यात निर्वाह भत्त्याची कमाल मर्यादा महिन्याला १०,००० रुपये आहे. ‘मुले’ म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून आणि जावई त्या व्याख्येत नाहीत. म्हणजे सुनेचा पगार सासू-सासऱ्यांनी हक्काने मागावा असे काही नाही. तिची कमाई तिच्याकडून जबरदस्तीने काढून घेणे हा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातला आर्थिक छळ ठरू शकतो. नवऱ्याने आईवडिलांना पैसे पाठवून स्वतःच्या बायको-मुलांच्या जेवणाला आणि फीला पैसे न ठेवणे हेही त्यात येऊ शकते.

दुसऱ्या बाजूने, अवलंबून असलेल्या आईवडिलांना सोडून वेगळे राहण्यासाठी सबळ कारणाशिवाय सतत दबाव आणणे ही क्रूरता ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये नरेंद्र विरुद्ध के. मीना प्रकरणात म्हटले. हे निकाल भांडणात एकमेकांवर फेकायला वापरू नका. प्रत्येक प्रकरण त्याच्या पुराव्यावर ठरते.

या पैशांवर कर लागतो का?

आईवडिलांना दिलेली रक्कम त्यांच्या हातात करमुक्त असते, आणि तुम्हाला त्याची वजावट मिळत नाही. आरोग्य विम्याचा हप्ता मात्र वेगळा. जुनी करप्रणाली निवडली असेल तर ६० वर्षांवरील आईवडिलांच्या हप्त्यावर वर्षाला ५०,००० पर्यंत वजावट मिळते. ती स्वतःच्याच आईवडिलांसाठी, सासू-सासऱ्यांसाठी नाही. म्हणून लातूरच्या आईचा हप्ता मुलीच्या खात्यातून आणि साताऱ्याचा मुलाच्या खात्यातून भरायचा, तोही रोखीने नाही.

आकडे मांडले तरी जोडीदार ऐकतच नसेल तर?

आधी एक तपासा: त्याचा विरोध रकमेला आहे की तुमच्या आईवडिलांनी पूर्वी दिलेल्या वागणुकीला? लग्नात झालेला अपमान किंवा बाळंतपणात कोणी न आल्याचा सल आकड्यांनी जात नाही. तो विषय वेगळा काढून बोलावा लागतो, पैशाच्या बैठकीत नाही. दोघांनी बोलून जमत नसेल तर विवाह समुपदेशकाकडे जा. जाताना बारा महिन्यांचा हिशेब बरोबर न्या. नाहीतर पहिल्या दोन भेटी ‘किती पाठवतो’ यावरच जातात.

काका-मामांची बैठक शक्यतो टाळा. तिथे रक्कम ठरते, पण ती ठरवताना कोणाचा तरी पगार सगळ्या भावकीला कळतो, आणि पुढच्या महिन्यात तीन नवे फोन येतात.

ठरवलेली रक्कम किती दिवसांनी बदलायची?

वर्षातून एकदा, पगारवाढ कळल्यावर, म्हणजे बहुतेकांना एप्रिल-मेमध्ये. गावची औषधांची चिठ्ठी नव्याने मागवा, भावंडांचे वाटे तपासा, मुदतीची मदत संपली का ते पाहा. मध्येच बदल करायचा तो तीनच कारणांनी: कोणाची नोकरी गेली, नवा मोठा आजार निघाला, किंवा आईवडिलांपैकी एक जण गेला. शेवटच्या वेळी मागे राहिलेल्याची रक्कम निम्मी करण्याची चूक होते. खर्च निम्मा होत नाही. घर, वीज, गॅस तेवढेच राहतात, आणि एकट्या माणसाला सोबतीला किंवा स्वयंपाकाला बाई लावावी लागते. पहिले सहा महिने आहे तीच रक्कम चालू ठेवा आणि मग नव्याने हिशेब करा.